कॉलेजचं नाव कुणी ओळखत नाही तेव्हा

तालुक्याच्या गावातल्या कॉलेजातून मी इंजिनिअर झालो. कॅम्पसला कंपन्या येत नसत, म्हणून पुण्यात राहून ऑफ-कॅम्पस अर्ज केले. आता मीच मुलाखती घेतो आणि तशाच कॉलेजांतल्या मुलांचे रेझ्युमे वाचतो. त्यांत प्रोजेक्ट असतातच, पण सगळ्यांचे तेच: लायब्ररी मॅनेजमेंट, हॉटेल बुकिंग, व्हिडिओ बघून केलेली शॉपिंग साइट. काही तर रिपोर्टसकट विकत आणलेले.

माझा प्रोजेक्ट होता बसच्या तिकिटांचा. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारलं, "दोघांनी एकाच क्षणी तीच सीट घेतली तर?" माझा कोड आधी सीट रिकामी आहे का ते बघायचा, मग नोंद करायचा. या दोन पायऱ्यांच्या मधल्या फटीत दोघांनाही सीट रिकामी दिसते आणि दोघांनाही तिकीट मिळतं. नोकरी अर्थातच हुकली. प्रश्न मात्र घरी घेऊन आलो.

उत्तर डेटाबेसकडे होतं. सीट एकदाच विकली जाईल, ही अट टेबलावरच घालायची. पण रद्द झालेल्या तिकिटाची नोंद टेबलात राहते, आणि सरसकट अट घातली तर ती सीट पुन्हा विकताच येत नाही. पोस्टग्रेसमध्ये ते असं सुटतं:

```sql
CREATE UNIQUE INDEX ON bookings (trip_id, seat_no)
WHERE status <> 'cancelled';
```

मग एकाच सीटसाठी एकदम अनेक विनंत्या पाठवणारी टेस्ट लिहिली. एकच यशस्वी व्हायला हवी. बाकीच्यांना 'सीट गेली' असा निरोप. काय बिघडलं, कसं कळलं, कसं सुधारलं, हे README मध्ये चार ओळींत मांडलं. पुढच्या मुलाखतींत बोलणं कॉलेजवरून या चार ओळींवर सरकलं.

तरीही हे सगळं आपणच आपल्याबद्दल सांगणं झालं. परक्या माणसाने तपासलेलं काम जास्त वजनाचं. त्यासाठी स्वतः वापरता असं एखादं ओपन सोर्स सॉफ्टवेअर निवडा. त्याच्या कुणीतरी नोंदवलेल्या बगपैकी एक आपल्या मशीनवर घडवून बघा, तो पकडणारी टेस्ट लिहा, मग दुरुस्ती पाठवा. पहिल्या झटक्यात ती क्वचितच स्वीकारली जाते. रिव्ह्यूअर हरकती घेतो, तुम्ही बदल करता, आणि हा संवाद सर्वांना वाचता येतो. मुलाखत घेणारा म्हणून मी तोच आधी वाचतो. नुसतं स्पेलिंग सुधारलेल्या पुल रिक्वेस्टमधून मला काहीच कळत नाही.

एक मर्यादा मात्र आहे. जिथे टक्केवारीची किंवा ठरावीक कॉलेजांची चाळणी आधीच लागते, तिथे तुमची लिंक कुणी उघडतच नाही. अशा ठिकाणी पोर्टलवर अर्जांचा मारा करू नका. त्या टीममध्ये काम करणाऱ्याला थेट लिहा आणि त्यांच्या कामाशी जुळणारी एकच लिंक द्या. रेझ्युमेवर दोनच प्रोजेक्ट पुरेत. पण ते कुठे मोडतात हे न विचारता सांगता आलं पाहिजे.