विमा एजंटची मुलाखत : चिवडा गल्लीतल्या दुकानदाराला टर्म विमा कसा सांगाल?

आयुर्विम्याच्या एजन्सीसाठी मुलाखत घेणारे विकास अधिकारी तुमच्या मार्कांपेक्षा तुमचं बोलणं जास्त बघतात. परीक्षा पुढे द्यावी लागतेच.

आदल्या दिवशी वहीत ओळखीच्यांची यादी करा: गिरगावच्या चाळीतले शेजारी, परळच्या मैत्रिणी, दादरच्या फुलबाजारातले गाळेवाले. प्रत्येकाच्या नावापुढे वय आणि त्याच्या कमाईवर कोण कोण जगतं ते लिहा. टार्गेटच्या प्रश्नाला हीच वही उत्तर देते. समजा, महिन्याला दोन पॉलिसींचं टार्गेट आहे आणि दहा जणांना भेटल्यावर एक जण घेतो. म्हणजे महिन्याला वीस भेटी, आठवड्याला पाच. तीन फोनांमागे एक भेट ठरत असेल, तर आठवड्याला पंधरा फोन. नुसतं "करीन सर" म्हणण्यापेक्षा हा हिशेब मांडा. यादीत फक्त नातेवाईक असतील, तर ती लवकर संपेल हे समोरच्याला लगेच कळतं. म्हणून प्रत्येक भेटीत, नकार मिळाला तरी, आणखी दोन नावं मागणार हेही सांगा.

मग अधिकारी स्वतः ग्राहक बनून नकार देऊन बघतात. "घरी विचारतो" असं म्हणाले, तर "मग वहिनी घरी असताना कधी येऊ?" असं विचारून दिवस ठरवून घ्या. "परवडत नाही" म्हणाले, तर विमा रक्कम कमी करून दाखवा, पण दोनदा नाही म्हटल्यावर थांबा. खरा कस लागतो तो "पहिला हप्ता तूच भर, मग घेतो" या वाक्याला. इथे गप्प बसू नका आणि हसून विषयही टाळू नका. आपल्या कमिशनमधून ग्राहकाला सूट देणं विमा कायदा, १९३८ च्या कलम ४१ नुसार गुन्हा आहे, दंड १० लाखांपर्यंत होऊ शकतो. "काका, तो हप्ता मला भरता येत नाही, कायद्याने बंदी आहे. पण क्लेमच्या वेळी कागद घेऊन मी येईन," एवढं पुरे.

शेवटी ते म्हणतील, "मी चिवडा गल्लीतला दुकानदार, टर्म समजावा." आधी विचारा: कर्ज किती, मुलं किती, दुकान तुमच्यामागे कोण चालवेल? मग सांगा, "मुदतीत तुमचं काही बरंवाईट झालं, तर घरी ५० लाख येतील. मुदत संपेपर्यंत तुम्ही ठणठणीत राहिलात, तर साध्या टर्ममध्ये काहीही परत मिळत नाही. म्हणूनच हप्ता कमी." दुसरं वाक्य गाळणारा एजंट पुढे शिव्या खातो. दुकानदाराला बचत हवी असेल, तर ती योजना वेगळी सांगा, पण तिला एफडी म्हणू नका.

तंबाखू, मशेरी, जुनं आजारपण फॉर्मवर खरंच लिहायला लावा. ते लपवलं, तर पहिल्या तीन वर्षांत क्लेम अडकू शकतो. आणि कागद हातात आल्यापासून ३० दिवसांत पॉलिसी परत करता येते, थोडी वजावट होऊन पैसे मिळतात, हे त्याने विचारण्याआधी तुम्हीच सांगा.