ओळखीच्या बळावर दूध संकलन केंद्र: काय करावे, काय टाळावे

शिरूर आणि दौंड तालुक्यांत पहिलाच धंदा सुरू करणाऱ्यांसाठी

काय करावे

- केंद्र उघडण्याआधी ओळखीच्या घरांची यादी करा: दुभत्या गायी किती, दूध सध्या कुठे जाते, तिथली उचल किती फिटायची आहे. उचल अंगावर असलेला माणूस मनात असूनही लगेच तुमच्याकडे येऊ शकत नाही. त्याचे दूध पहिल्या महिन्याच्या हिशेबात धरू नका.

- यादी भावकीबाहेर न्या. जनावरांचे डॉक्टर, पेंड विकणारा दुकानदार, बचत गटाच्या ताई यांना कोणाची गाय कधी व्याली हे तुमच्यापेक्षा आधी कळते; त्यांना भेटा.

- एका रस्त्यावरची पंचवीस-तीस घरे निवडा. न्हावऱ्याला दहा आणि केडगावला दहा अशी पसरलेली ओळख टेम्पोच्या डिझेलमध्येच संपते.

- डेअरीकडून चार गोष्टी लेखी घ्या: दरपत्रक, कमिशन, पगाराची तारीख आणि पुष्टकाळातही सगळे दूध उचलण्याची हमी. दूध वाढले की डेअरीने ‘सुट्टी’ द्यायची आणि शेतकऱ्याने दूध कुठे न्यायचे, हा प्रश्न जुना आहे. मंचरला १९९२ साली पराग डेअरी उभी राहिली ती असे नाकारलेले दूध घेऊनच.

- एका पगाराची रक्कम बाजूला ठेवून मगच कॅन मांडा. समजा, ३० घरांचे रोज ३०० लिटर दूध येते आणि भाव ३० रुपये आहे: दिवसाचे ९,००० आणि दहा दिवसांचे ९०,००० रुपये. डेअरीचा पगार दहा दिवस लांबला, तरी हे ९०,००० तुम्हाला वेळेवर द्यायचे आहेत, कारण शेतकऱ्याने दूध डेअरीला नव्हे, तुम्हाला घातले आहे.

- दूध नीट ढवळून, शेतकऱ्याच्या समोर नमुना घ्या आणि आकडा त्याला वाचू द्या. वर तरंगलेल्या सायीतला नमुना फॅट जास्त दाखवतो, तळातला कमी. वादाची सुरुवात इथे होते.

- काटा किलोत असेल तर लिटरचा हिशेब भिंतीवर लावा. गायीचे १० किलो दूध म्हणजे साधारण ९.७ लिटर; हा फरक न सांगता कापला, तर तो चोरीच वाटतो.

- टेम्पो निघण्याआधी सगळ्या दुधाचा एकत्र नमुना तपासा आणि डेअरीच्या पावतीशी ताडून पाहा. फरक रोज एकाच बाजूला पडत असेल तर मशिन चुकते आहे किंवा वाटेत गडबड आहे. मशिनची खात्री गर्बर पद्धतीने अधूनमधून करून घ्या.

- डिग्री घसरली तर आधी गोठ्यावर जा आणि समोर धार काढून पुन्हा तपासा. गोठ्यावरचा आकडाही तेवढाच आला तर कारण चाऱ्यात किंवा गायीच्या तब्येतीत आहे. तिथे चांगला आला तर पाणी वाटेत पडते आहे. जे असेल ते त्या घरच्या कर्त्या माणसाला एकट्याला सांगा.

- कोणते दूध परत जाईल हे पहिल्याच दिवशी पाटीवर लिहा: नुकत्या व्यालेल्या गायीचा चीक, आंबूस दूध, सडाला सूज असलेल्या किंवा प्रतिजैविकांची इंजेक्शने चालू असलेल्या गायीचे दूध. नियम आधी लिहिलेला असला की नकार माणसाला लागत नाही.

- पगार ठरल्या तारखेला, थेट बँक खात्यात द्या. गोठा सांभाळणाऱ्या बाईच्या नावावर खाते असेल तर घरच्यांशी बोलून तेच घ्या. दुधावर तिचे लक्ष सर्वांत बारीक असते.

- काट्याची शासकीय पडताळणी दरवर्षी करून घ्या आणि अन्नसुरक्षा नोंदणीचा कागद समोर टांगा.

काय टाळावे

- चुलत्याचे दूध न तपासता ओतून घेऊ नका. रांगेतली माणसे तेवढेच पाहतात, आणि दुसऱ्या दिवसापासून प्रत्येकजण चुलता होतो.

- उचल मागेल त्याला, मागेल तेवढी देऊ नका. लिटरमागे १ रुपया कमिशन धरले तर ३०० लिटरवर दिवसाला ३०० रुपये मिळतात. २०,००० ची एक उचल बुडाली की ६७ दिवसांची मेहनत गेली, वीजबिल आणि टेम्पो वेगळा. मर्यादा त्या घराच्या एका पगाराच्या निम्मी ठेवा आणि पुढच्या दोन-तीन पगारांत वळती करा.

- शेतकऱ्यांच्या पगाराच्या पैशाला हात लावू नका: पेंडीच्या पोत्यांसाठी नाही, घरच्या लग्नासाठी नाही, दोन दिवसांपुरताही नाही. गावातली बहुतेक केंद्रे दुधाने नव्हे, याच ‘दोन दिवसांनी’ बंद पडतात.

- फॅटचा आकडा खाली ओढून लिहू नका; ३.४७ आले तर ३.४ करू नका. शेजारच्या केंद्रावर एकदा दूध तपासून पाहणारा माणूस प्रत्येक गावात असतो.

- शेजारच्या केंद्रापेक्षा पन्नास पैसे जास्त देऊन माणसे ओढू नका. भावासाठी आलेले भावासाठीच जातात, आणि शेजारचा केंद्रचालक बहुधा तुमचाच सोयरा असतो. ओढायचेच असेल तर खऱ्या मापाने आणि वेळेवरच्या पगाराने ओढा.

- लग्नात, दशक्रियेला किंवा सप्ताहाच्या पंगतीत दुधाचा विषय काढू नका. तिथे मिळालेला ‘हो’ भिडेपोटी असतो आणि आठवड्यात मावळतो. गोठ्यावर जाऊन विचारा.

- केंद्रावर कोणत्याही पक्षाचा किंवा पॅनेलचा फलक लावू नका, ग्रामपंचायतीच्या वा कारखान्याच्या निवडणुकीत तर मुळीच नाही. गाव दोन गटांत आहे आणि दूध दोन्ही गटांच्या घरून येते.

- एकाच्या दुधाचा आकडा दुसऱ्याला सांगू नका, कौतुक म्हणूनही नाही. त्यावरून गाय किती देते, देणे किती फिटेल, याचे अंदाज गावात बांधले जातात.

- गाय घेण्याच्या कर्जाला ओळखीखातर जामीन राहू नका. त्याची गाय आटली की तुमचे दूध कमी होते, आणि बँक मात्र तुमच्या दारात येते. दुधाच्या पगारातून हप्ता कापून बँकेत भरण्याची लेखी व्यवस्था करायला हरकत नाही. त्याहून पुढे जाऊ नका.

- डेअरीचा पगार अडकला तर फोन बंद ठेवू नका. त्याच सकाळी रांगेत उभ्या असलेल्यांना रक्कम आणि नवी तारीख सांगा, आणि बाजूला ठेवलेल्या रकमेतून आधी त्या घरांना द्या ज्यांच्याकडे एक-दोनच गायी आहेत.