गरम सॉकेट : लोड कमी, तरी ताप का?

घरातल्या बोर्डावर एका सॉकेटभोवती तपकिरी डाग पडतो. अधूनमधून जळका वास येतो. हात लावला तर प्लास्टिक कोमट लागते. आणि त्या सॉकेटवर असते काय, तर मोबाईलचा चार्जर आणि बुद्ध-बाबासाहेबांच्या फोटोजवळची एलईडी माळ. "एवढ्याशा लोडने काय होणार?" असे म्हणून घरातले लोक चार्जर बदलतात, माळ बदलतात. डाग मात्र वाढतच राहतो.

आजारात जसा ताप हे लक्षण असते, तसा हा डाग आणि हा वास हे लक्षण आहे. ताप अंगाला लागतो, पण दुखणे आत कुठेतरी वेगळ्या जागी असते. इथेही तसेच आहे. म्हणून या अंकात हे एकच दुखणे नीट समजून घेऊ.

उष्णता येते कुठून?

वीज तारेतून जाते तेव्हा तिला थोडा अडथळा होतो आणि त्यातून उष्णता तयार होते. चांगल्या तारेत आणि घट्ट जोडात हा अडथळा इतका थोडा असतो की उष्णता जाणवत नाही. पण जिथे तार स्क्रूखाली सैल बसलेली आहे, किंवा प्लगची पिन आतल्या पितळी पत्तीत ढिली बसते आहे, तिथे विजेला जायला सुईच्या टोकाएवढीच जागा उरते. सगळी वीज त्या टोकातून जाते आणि ती जागा तापते.

एकदा तापली की दुखणे स्वतःच वाढत जाते. उष्णतेने धातूवर काळा थर चढतो आणि अडथळा वाढतो. पत्तीची स्प्रिंग मऊ पडते आणि पकड सुटते. रोज तापून रोज थंड होण्यात स्क्रूही सैल होतो. मग उष्णता आणखी वाढते. आजूबाजूचे प्लास्टिक आधी पिवळे, मग तपकिरी, मग काळे होते. त्या जळणाऱ्या प्लास्टिकचा वास कधी रबरासारखा येतो, तर कधी चक्क मासळीसारखा. घरात मासळी शिजलेली नसताना बोर्डाजवळ तसा वास आला, तर उंदीर मेला असेल म्हणून सोडून देऊ नका.

नाकाबद्दल एक गोष्ट सांगते. सतत येणाऱ्या वासाची नाकाला थोड्याच वेळात सवय होते. घरात बसलेल्या माणसाला वास येईनासा होतो, पण बाहेरून आलेल्याला दारातच येतो. शेजारीण म्हणाली, "काहीतरी जळतंय गं," तर तिच्या नाकावर विश्वास ठेवा.

फ्यूज का उडत नाही?

बहुतेकांची समजूत असते की काही बिघाड असता तर फ्यूज उडाला असता किंवा एमसीबी पडली असती. पण फ्यूज आणि एमसीबी एवढेच बघतात की वीज ठरल्यापेक्षा जास्त जाते आहे का. सैल जोडातून जाणारी वीज नेहमीएवढीच असते, उलट केसभर कमीच. त्यामुळे जोड लालबुंद झाला तरी एमसीबी शांत राहू शकते. गळती झाल्यावर वीज तोडणारे यंत्रही इथे उपयोगाचे नाही, कारण गळती झालेली नसते. म्हणजे या दुखण्याची खूण सांगणारे यंत्र साध्या घरात नाही. डोळा, नाक आणि हात यांनीच ते ओळखायचे आहे.

एका घरातला शोध

दोन खोल्यांच्या एका घरात हीच तक्रार होती. बाहेरच्या खोलीतल्या बोर्डावर माळ आणि चार्जर, दोन्ही मिळून जेमतेम २० वॉट. तरी सॉकेट कोमट आणि खालच्या बाजूला तपकिरी डाग. त्या वेळी वास येत नव्हता. माळ दोनदा बदलून झाली होती.

तापाच्या पेशंटला पहिला प्रश्न विचारतात, ताप कोणत्या वेळी चढतो? तोच प्रश्न त्या घरातल्या ताईंना विचारला. त्यांनी आठवून सांगितले, "सकाळी सहा ते आठ. दुपारी गार असतं." माळ तर दिवसभर चालू असायची. मग सकाळी असे काय होते जे दुपारी नसते? उत्तर स्वयंपाकघरात होते. सकाळी आंघोळीचे पाणी तापवायला १५०० वॉटचा रॉड लागायचा. त्याचा पॉइंट नंतर वाढवून घेतलेला होता आणि त्याची तार मेन बोर्डापासून न आणता याच बाहेरच्या बोर्डातल्या सॉकेटवरून पुढे ओढलेली होती. वस्त्यांमधल्या घरांत हे सर्रास होते, कारण तार कमी लागते आणि भिंत फोडावी लागत नाही. याला वायरमन 'लूप' म्हणतात.

आता हिशेब बघा. माळ आणि चार्जर मिळून एका अँपिअरचा दहावा भागही घेत नाहीत. रॉड साडेसहा अँपिअर घेतो. समजा, त्या सैल जोडाचा अडथळा ०.३ ओहम आहे. उष्णता विजेच्या वर्गाने वाढते. म्हणून माळ-चार्जरमुळे तिथे एका वॉटचा शंभरावा भागही उष्णता होत नाही, पण रॉड चालू असताना साधारण १३ वॉट होते. जुना पिवळा झिरोचा बल्ब १५ वॉटचा असायचा आणि तो हाताला चटका द्यायचा. जवळजवळ तेवढी उष्णता इथे बंद डब्यात, एका स्क्रूच्या डोक्यावर साठत होती. रॉडला मात्र फक्त दोन व्होल्ट कमी मिळत होते, त्यामुळे पाणी नेहमीसारखेच तापत होते आणि कोणाला शंका येत नव्हती.

मेन बंद करून वायरमनने बोर्ड उघडला. न्यूट्रलच्या स्क्रूखाली तीन तारा कोंबल्या होत्या. एकीचे प्लास्टिकचे आवरण पूर्ण न सोलताच स्क्रू आवळलेला, त्यामुळे तांब्याच्या दोन-तीन काड्यांनाच पकड होती. तांबे काळे पडलेले आणि आवरण वितळलेले होते. हातभर अंतरावरची तार मात्र चांगली होती. दोष तारेचा नव्हता, माळेचा तर नव्हताच. दोष जोडाचा होता.

यातून एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात घ्या. अशा सॉकेटचे बटण बंद केले तरी पुढे जाणारी वीज थांबत नाही, कारण लूपची तार बटणाच्या आधीच निघालेली असते. आपण बटण बंद करून निर्धास्त झोपतो आणि जोड तापतच राहतो. म्हणून थांबवायचे ते मेनवरून.

आपण काय बघायचे, काय करायचे?

ताप बघताना हाताची पाठ लावतात, तशीच कोरड्या हाताची पाठ सॉकेटच्या प्लास्टिकला लावा. स्क्रूला, पिनेला हात लावू नका आणि ओल्या हाताने बोर्डाजवळ जाऊ नका. चार्जरचा डबा स्वतः कोमट होणे नेहमीचे आहे, पण सॉकेटची पाटी कोमट होणे नाही. उन्हाने आणि वयाने पाटी पिवळी पडते तेव्हा ती सगळीकडे सारखी पडते. उष्णतेचा डाग एका जागी गडद असतो आणि कडेला फिका होत जातो. डाग एका छिद्राभोवती असेल तर बहुधा आतली पत्ती ढिली असते. छिद्रांपासून दूर असेल तर मागच्या स्क्रूचा संशय घ्या.

वास येत असेल, चरचर आवाज येत असेल किंवा पाटी काळी पडली असेल, तर तपासत बसू नका. लगेच मेन बंद करा. बोर्ड दुरुस्त होईपर्यंत तो फेरा बंदच ठेवा. नुसता डाग आणि कोमटपणा असेल तरी तो सॉकेट आणि त्याच्यावरून पुढे गेलेले पॉइंट वापरू नका, आणि किती वाजता गरम लागत होते व तेव्हा घरात काय काय चालू होते हे वायरमनला सांगा. त्याचे निम्मे काम तिथेच होते.

वायरमनकडून एवढे करून घ्या. जळका सॉकेट नवा बसवायचा, घासून पुन्हा तोच नाही. काळी पडलेली तार लख्ख तांबे दिसेपर्यंत कापायची, नीट सोलायची, आवळल्यावर ओढून बघायची. प्लगच्या पिना काळ्या झाल्या असतील तर प्लगही बदलायचा, नाहीतर तो नव्या सॉकेटची पत्ती पुन्हा जाळतो. रॉड, इस्त्री, इंडक्शन यांच्यासाठी मेन बोर्डापासून वेगळी 'चार एमएम' तार आणि १६ अँपिअरचा सॉकेट घ्यायचा. ढिल्या प्लगमध्ये कागद किंवा काडी खोचणे, डागावर टेप लावणे, फ्यूजमध्ये जाड तार घालणे, यातला एकही उपाय जोड घट्ट करत नाही. जाड तारेने तर उरलेले संरक्षणही जाते.

भाड्याची खोली असेल तर घरमालकाला डागाचा फोटो दाखवा. जळका वास मीटरपाशीच येत असेल तर त्याला हात न लावता वीजबिलावरच्या तक्रार क्रमांकावर कळवा.

पेट घेतलाच तर

हाताशी असेल तर मेन बंद करा आणि सगळ्यांना बाहेर काढा. बोर्डावर पाणी मारू नका. १०१ ला फोन करा. जळत्या वायरच्या धुराने घसा आणि छाती आवळते, म्हणून लहान मुले आणि दम्याचे पेशंट आधी बाहेर. चटका बसला तर भाग २० मिनिटे वाहत्या साध्या पाण्याखाली धरा. हळद, टूथपेस्ट, शाई काही लावू नका. विजेचा झटका बसून भाजले असेल, तर वरची जखम वाटाण्याएवढी दिसली तरी दवाखान्यात जाऊन हृदयाची तपासणी करून घ्या. विजेची इजा कातडीपेक्षा आत जास्त असते.

आज संध्याकाळी, घरातले जड उपकरण अर्धा तास चालल्यावर, प्रत्येक बोर्डाला एकदा हाताची पाठ लावून बघा. ज्या बोर्डावर काहीच जड नाही, तोही सोडू नका. त्याच्या मागून कोणाची तार जाते ते बाहेरून दिसत नाही.