तिकिटावरील चार ओळी

इतवारी ही नागपूर शहरातील जुनी व्यापारी पेठ आहे. पूर्वी येथे रविवारी, म्हणजे इतवारी, बाजार भरत असे. त्यावरून पेठेस हे नाव पडले. धान्य, किराणा, कापड आणि सोनेचांदी यांच्या व्यापारानिमित्त अनेक गुजराती व मारवाडी कुटुंबे येथे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. त्यांच्याबरोबर गरबाही येथे आला आणि मराठी घरांतील मुलेमुलीही त्याच्या फेरात सामील होऊ लागली. आता पुष्कळ ठिकाणी गरबा व दांडिया यांचे कार्यक्रम तिकीट लावून होतात.

समजा, इतवारीतील एका मंडळाने नवरात्रात सप्तमी, अष्टमी व नवमी अशा तीन रात्री असा कार्यक्रम करण्याचे ठरविले. एका रात्रीचे तिकीट 200 रुपये आणि तिन्ही रात्रींचे एकत्र तिकीट 450 रुपये. मंडळाच्या चिटणिसाने जाहिरातीचा मसुदा लिहिला. देवीचे स्तवन, वाद्यवृंदाची वाखाणणी आणि रोषणाईचे वर्णन यांत पानाचा बहुतेक भाग संपला. तळाशी बारीक अक्षरांत चार ओळी आल्या :

“योग्य व्यक्तींनाच प्रवेश. पोशाख पारंपरिक असावा. वाहनतळाची सोय आहे. पैसे कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाहीत.”

मंडळातील एका वृद्ध कार्यकर्त्याने मसुदा वाचला आणि तो म्हणाला, “वरचे पान लोक कौतुकाने वाचतील. पण भांडण झाले तर ते या चार ओळींवरूनच होईल.” त्याचे म्हणणे कसे खरे होते, ते एकेक ओळ घेऊन पाहावे.

पहिली ओळ प्रवेशाची. ‘योग्य व्यक्ती’ म्हणजे कोण, हे तिच्यातून कळत नाही. आईच्या कडेवर बसलेल्या मुलाला तिकीट लागेल काय? औषध आणण्यास बाहेर गेलेल्या माणसाला पुन्हा आत घेतील काय? फाटकावरील स्वयंसेवकाला ही उत्तरे ठाऊक नसली, तर तो एकाला एक सांगेल व दुसऱ्याला दुसरेच. म्हणून वय, वेळ आणि पुन्हा आत येण्याची रीत स्पष्ट लिहावी लागते. कार्यक्रम संपण्याची वेळही सांगावी लागते, कारण ती केवळ मंडळाच्या मर्जीवर नसते. ध्वनिप्रदूषणाविषयी 2000 साली झालेल्या नियमांप्रमाणे उघड्या जागी रात्री 10 ते सकाळी 6 या वेळात ध्वनिवर्धक लावता येत नाही. वर्षातील काही ठराविक दिवशी राज्य सरकार 12 वाजेपर्यंत सवलत देऊ शकते. परंतु असे दिवस वर्षात 15 हून अधिक नसतात. तेव्हा ज्या रात्री सवलत नाही, त्या रात्री ‘उशिरापर्यंत जल्लोष’ असे छापणे म्हणजे पाळता न येणारे वचन देणेच होय.

प्रवेशाशी तिकिटाच्या खरेपणाचाही संबंध आहे. 2023 साली मुंबईतील बोरिवली भागात गरब्याचे पास स्वस्तात देतो, असे सांगून एका टोळीने 156 तरुणांकडून प्रत्येकी 3,300 रुपये घेतले. पैसे गेले, पास मात्र मिळाले नाहीत. सर्वांची मिळून हानी 5 लाख 14 हजार 800 रुपये झाली. तिकिटे कोठे विकली जातील, त्यांवर कोणती खूण असेल आणि पावती मिळेल की नाही, हे जाहिरातीत असले म्हणजे वाटेत भेटलेल्या विक्रेत्याची परीक्षा करण्याचे साधन घेणाऱ्याच्या हाती येते.

दुसरी ओळ पोशाखाची. ‘पारंपरिक’ हा शब्द सरळ दिसतो. परंतु परंपरा घरोघरी निराळी असते. गुजराती मुलगी चनियाचोळी नेसेल, मराठी मुलगी नऊवारी किंवा परकरपोलके घालील, एखादा मुलगा झब्बा व सुरवार घालून येईल. यांतील कोणाला परत पाठवावयाचे? जो नियम कारणासह लिहिला जातो, तो नेमका होतो. दांडियात खेळणारे एकमेकांच्या टिपऱ्यांवर टिपऱ्या मारीत जागा बदलतात. टिपरी धातूची असेल तर हाताला किंवा डोळ्याला इजा होते. टाचेचा जोडा दुसऱ्याच्या पायावर पडला तर बोट चेचते. जमिनीवर लोळणाऱ्या घेरात पाय अडकून माणूस पडतो. म्हणून टिपऱ्या लाकडी असाव्यात, टाचेचे जोडे रिंगणात नसावेत आणि कपड्याचा घेर घोट्याच्या वर असावा, एवढे सांगितले की पुरे. बाकी वेश ज्याच्या त्याच्या घरच्या रीतीवर सोडता येतो.

तिसरी ओळ वाहनांची. इतवारीच्या गल्ल्या अरुंद आहेत आणि दिवस मावळल्यावरही तेथे हातगाड्यांची व मालवाहू गाड्यांची वर्दळ असते. समजा, मंडळाला 20 मीटर लांब व 15 मीटर रुंद असे एक आवार मिळाले. त्याचे क्षेत्रफळ 300 चौरस मीटर. गाड्या काढण्या-घालण्यासाठी त्यातील निम्मी जागा मोकळी ठेवावी लागेल, उरली 150. एका दुचाकीस 2 चौरस मीटर धरले, तर 75 दुचाकी मावतील. मंडळ रोज रात्री 300 लोकांना प्रवेश देणार असेल, तर ‘वाहनतळाची सोय आहे’ हे वाक्य वाचून निघालेल्या पुष्कळांना गल्लीत घिरट्या घालाव्या लागतील. याउलट ‘75 दुचाकींपुरती जागा आहे, चारचाकी गाड्यांस जागा नाही’ असे लिहिले, तर लोक आधीच दुसरी तजवीज करतील. डिसेंबर 2022 पासून सेंट्रल अव्हेन्यूवरून मेट्रो धावते. अग्रसेन चौक व चितार ओळी चौक ही तिची स्थानके या भागास जवळ आहेत. मात्र परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ पाहूनच कार्यक्रमाची वेळ ठरवावयास हवी.

वाहनतळाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट कळण्यासारखी आहे. लंडनमध्ये 1964 साली थॉर्नटन नावाचे गृहस्थ मोटार लावण्यासाठी एका वाहनतळात गेले. बाहेरच्या फलकावर गाड्यांची जोखीम मालकांची असल्याचे लिहिले होते. दाराशी असलेल्या यंत्रातून त्यांना तिकीट मिळाले. पुढे गाडी परत नेताना तेथे अपघात होऊन त्यांना दुखापत झाली. कंपनी म्हणाली, “माणसाच्या इजेचीही जबाबदारी आमच्यावर नाही, तशी अट आत खांबावर लावलेली आहे.” 1970 साली न्यायालयाने हे म्हणणे अमान्य केले. तिकीट हाती येताच व्यवहार पुरा झाला होता आणि आतील अट त्यानंतरची होती. यंत्राशी कोणाला हुज्जत घालता येत नाही! हा निर्णय परदेशातला असला, तरी त्यातील विचार साधा आहे : जी अट पैसे घेण्यापूर्वी सांगितली नाही, ती मागाहून दाखविता येत नाही. ज्या मंडळास आपले नियम खरोखर पाळून घ्यावयाचे आहेत, त्याने ते विक्रीच्या जागी लावावेत; फाटकाच्या आतील कापडावर नव्हे.

चौथी ओळ पैशांची. ‘कोणत्याही परिस्थितीत परत नाहीत’ हे शब्द कडक दिसतात, पण त्यांनी सर्व परिस्थिती झाकली जात नाही. भारतीय करार कायदा 1872 सालचा आहे. त्याचे तत्त्व असे की, करार पुढे निरर्थक ठरला, तर त्यापोटी घेतलेला लाभ परत करावा लागतो. गरबा झालाच नाही, तर गरब्याचे पैसे मंडळाने ठेवून घ्यावेत, हे न्यायाला धरून नाही. घेणारा स्वतःच आला नाही, तर मात्र गोष्ट निराळी. त्याच्यासाठी जागा राखलेली होती.

येथे एक उदाहरण पाहावे. चौघांच्या एका कुटुंबाने तिन्ही रात्रींची चार तिकिटे घेतली आणि 1,800 रुपये दिले. अष्टमीस दुपारपासून परतीचा पाऊस कोसळला आणि त्या रात्रीचा कार्यक्रम रद्द झाला. कुटुंबाला किती रुपये परत मिळावेत? वडील म्हणतील, “एका रात्रीचे तिकीट 200 रुपयांचे आहे, चौघांचे 800 द्या.” चिटणीस म्हणेल, “तुम्ही एकत्र तिकीट सवलतीत घेतले आहे. 450 चा तिसरा भाग 150, म्हणून चौघांचे 600.” दोघांचाही हिशेब बरोबर आहे, भांडण 200 रुपयांचे आहे आणि ते एका न लिहिलेल्या वाक्यामुळे उद्भवले आहे. तसेच पाऊस मध्येच आला तर काय? 7 वाजता सुरू झालेला गरबा सव्वासातला थांबला काय किंवा पावणेदहाला थांबला काय, ही स्थिती सारखी नव्हे. तेथे घड्याळाची एक रेघ ओढावीच लागते.

वृद्ध कार्यकर्त्याने चिटणिसाला जवळ बसवून त्या चार ओळी पुन्हा लिहून घेतल्या. त्या अशा :

“प्रवेश : सायंकाळी साडेसहापासून. कार्यक्रम 7 ते 10. पाच वर्षांपर्यंतच्या मुलांस तिकीट नाही. बाहेर जाताना हातावर शिक्का घेतल्यास त्याच रात्री पुन्हा प्रवेश मिळेल. तिकिटे केवळ मंडळाच्या कचेरीत, क्रमांक, शिक्का व पावती यांसह मिळतील. रोज रात्री 300 जणांनाच प्रवेश.

पोशाख : कोणताही सणाचा वेश चालेल. घेर घोट्याच्या वर असावा. रिंगणात टाचेचे जोडे व धातूच्या टिपऱ्या चालणार नाहीत. लाकडी टिपऱ्या आणाव्यात.

वाहने : 75 दुचाकींपुरती जागा; आधी येणाऱ्यास आधी मिळेल. चारचाकीस जागा नाही. गल्लीत गाडी लावू नये.

परतावा : कार्यक्रम रद्द झाल्यास किंवा साडेआठपूर्वी बंद पडल्यास एका रात्रीच्या तिकिटाचे 200 रुपये आणि तीन रात्रींच्या तिकिटापैकी त्या रात्रीचे 150 रुपये तिकीट दाखविल्यावर सात दिवसांत परत मिळतील. साडेआठनंतर बंद पडल्यास, अथवा तिकीट घेणारा न आल्यास, पैसे परत मिळणार नाहीत.”

चिटणीस म्हणाला, “ओळी चार राहिल्या नाहीत, रोषणाईचे वर्णन कमी करावे लागेल.” वृद्ध म्हणाला, “रोषणाई लोकांना येथे आल्यावर दिसेलच.” मग तिथींच्या शेजारी इंग्रजी तारखा व वार घातले गेले, कारण तिथी कधी कधी दोन दिवसांत विभागली जाते आणि भलत्याच दिवशी आलेल्या माणसाला कोणता नियम लावावा, हे कोणालाच सुचत नाही. जाहिरात छापून आली तेव्हा तीच वाक्ये, एक शब्दही न बदलता, कचेरीच्या दारावरील फलकावर लिहिली गेली आणि त्यानंतरच पहिले तिकीट फाडले गेले.

अभ्यास

1. ‘योग्य व्यक्तींनाच प्रवेश’ या वाक्यात कोणता दोष आहे?
2. लंडनच्या वाहनतळातील आतली अट न्यायालयाने का मानली नाही?
3. एका गृहस्थाने तीन रात्रींची दोन तिकिटे घेतली. नवमीचा गरबा पावसामुळे सव्वाआठला बंद पडला. नव्या नियमाप्रमाणे त्यांस किती रुपये परत मिळतील? गरबा पावणेनऊला बंद पडला असता तर?
4. तुमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी प्रवेश, वाहने व परतावा यांचे नियम लिहा. प्रत्येक नियम कोणत्या प्रश्नाचे उत्तर देतो, ते त्याच्यासमोर लिहा.