जुन्या बॅटरीच्या शेजारी नवी बॅटरी : बचत की नुकसान?

व्यापार करणाऱ्या व कारागिरी करणाऱ्या आपल्या बंधूंच्या दुकानांत आज इन्व्हर्टर ही नित्याची वस्तू झाली आहे. साताऱ्याकडे पावसाळ्यात तारा तुटून वीज जाते. सांगलीत ऑगस्ट २०१९ व जुलै २०२१ च्या कृष्णेच्या महापुरात कित्येक भागांत वीज बंद ठेवावी लागली होती. अशा वेळी बॅटरी अगदी तळापर्यंत उपसली जाते आणि पुढे कित्येक दिवस तशीच रिकामी पडून राहते. वीज परत आल्यावर दोनपैकी एक बॅटरी निकामी झाल्याचे कळते. मग साहजिकच विचार येतो की जी बिघडली तेवढी एकच बदलावी, दुसरी अजून चालते आहे.

हिशेब वरवर सरळ दिसतो, पण तो बहुधा उलटा बसतो. त्याचे कारण या लेखात आम्ही सविस्तर मांडत आहोत. लेखातील माहिती पाण्याच्या, म्हणजे शिसे व आम्लाच्या, नेहमीच्या बॅटरीबद्दल आहे. लिथियम बॅटरीचे नियम वेगळे असतात.

प्रथम जुन्या बॅटरीच्या आत काय झालेले असते ते पाहू. बॅटरी रिकामी होताना प्लेटांवर लेड सल्फेटचा थर बसतो व चार्ज होताना तो विरघळतो. बॅटरी वारंवार अर्धवट चार्ज झाली किंवा रिकामी पडून राहिली, तर या थराचे टणक खडे बनतात व ते सहजासहजी विरघळत नाहीत. शिवाय वर्षानुवर्षांच्या वापराने प्लेटांवरील मसाला झडून तळाशी साचतो. याचे दोन परिणाम होतात. बॅटरीत मावणारी वीज कमी होते आणि तिचा आतला अडथळा वाढतो. म्हणून १५० अँपिअर-तासांचे लेबल असलेली चार वर्षांची बॅटरी प्रत्यक्षात त्याच्या निम्मीच उरलेली असू शकते. लेबल मात्र तेच राहते आणि आपण त्या लेबलावर विसंबून जोडी जमवतो.

आता साताऱ्यातील एका शिलाईच्या दुकानाचे उदाहरण घेऊ. समजा, तेथे २४ व्होल्टचा इन्व्हर्टर आहे व १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकसर, म्हणजे सिरीजमध्ये, जोडल्या आहेत. मशिनींच्या मोटारी, पंखे व दिवे मिळून ५०० वॉटचा भार आहे. इन्व्हर्टरमधील घट धरता बॅटऱ्यांतून सुमारे २५ अँपिअर प्रवाह जाईल. दुकानदाराने एक बॅटरी नवी आणली. तिच्यात वापरण्याजोगे १२० अँपिअर-तास आहेत आणि जुनीत ६० उरले आहेत.

एकसर जोडणीत दोन्ही बॅटऱ्यांतून एकच प्रवाह जातो. अशक्त बॅटरीने थोडे कमी द्यावे व सशक्त बॅटरीने थोडे जास्त, अशी सवलत येथे नसते. त्यामुळे सुमारे दोन तास चोवीस मिनिटांत जुनी बॅटरी संपते. त्या वेळी नवी अजून अर्धी भरलेली असते.

येथेच मुख्य मुद्दा येतो. इन्व्हर्टरला प्रत्येक बॅटरी वेगळी दिसत नाही, त्याला फक्त दोघींची बेरीज दिसते. तो २१ व्होल्टला बंद होणार असेल, तर दोन्ही बॅटऱ्या साडेदहा व्होल्टला आल्या असे तो गृहीत धरतो. पण आपल्या जोडीत नवी बॅटरी १२ व्होल्टवर उभी असते. म्हणून जुनी ९ व्होल्टपर्यंत घसरेपर्यंत इन्व्हर्टर चालूच राहतो. प्रत्येक बॅटरीत सहा सेल असतात. त्यांतील सर्वांत अशक्त सेल शून्याखाली जाऊन उलटा चार्ज होऊ लागतो. दर भारनियमनाला हा मार बसला की जुनी बॅटरी झपाट्याने संपते.

जुनी लवकर संपली तर संपू दे, नवी तर वाचली, असे कोणी म्हणेल. पण चार्जिंगच्या वेळी नवीचेही नुकसान होते, आणि तेही दोन प्रकारे होऊ शकते.

पहिल्या प्रकारात जुनीच्या प्लेटांवर खडे बसलेले असतात व तिचा अडथळा वाढलेला असतो. चार्जिंग सुरू होताच तिचा व्होल्टेज भराभर १५ च्या वर जातो, ती तापते व बुडबुडे सोडू लागते. चार्जर एकूण २८.८ व्होल्टला थांबणारा असेल, तर नवीच्या वाट्याला १३.८ देखील येत नाहीत. बेरीज पूर्ण झाली म्हणून चार्जर प्रवाह कमी करतो आणि नवी बॅटरी दररोज उपाशी राहते. काही महिन्यांत तिच्याही प्लेटांवर तेच खडे बसू लागतात.

दुसऱ्या प्रकारात जुनीचा एक सेल आतून शॉर्ट झालेला असतो. मग २८.८ व्होल्ट बारा सेलांऐवजी अकरा सेलांत वाटले जातात. प्रत्येक सेलला २.४ ऐवजी २.६२ व्होल्ट मिळतात, म्हणजे नव्या बॅटरीवर सुमारे १५.७ व्होल्ट पडतात. ती उकळू लागते, पाणी लवकर आटते व प्लेटांची जाळी आतून कुजते. नवीत वारंवार डिस्टिल्ड वॉटर घालावे लागत असेल, तर दोष नवीचा नसून शेजारणीचा असण्याचा संभव अधिक असतो.

आता समांतर, म्हणजे पॅरलल, जोडणी पाहू. सांगलीतील एखाद्या झेरॉक्सच्या दुकानात १२ व्होल्टचा इन्व्हर्टर व एक जुनी बॅटरी आहे. जास्त वेळ वीज मिळावी म्हणून तिच्याच शेजारी नवी बॅटरी जोडली जाते. येथे व्होल्टेज दोघींना सारखाच राहतो, पण प्रवाहाची वाटणी आतल्या अडथळ्याप्रमाणे होते. जुनीचा अडथळा नवीच्या दुप्पट असेल, तर ४० अँपिअरच्या भारापैकी सुरुवातीला सुमारे २७ अँपिअर नवी देते व १३ जुनी. दोन बॅटऱ्यांनी निम्मे-निम्मे ओझे उचलावे ही अपेक्षा फोल ठरते. नवीवर रोज जास्त ओझे पडल्याने तिचे आयुष्य लवकर खर्ची पडते.

वीज असतानाही हा संसार सुखाचा नसतो. जुनीची वीज आपोआप झिरपत असते, आणि चार्जर बंद असला की ती तूट नवी भरून देते. जुनीचा एक सेल शॉर्ट असेल तर ती साडेदहा व्होल्टच्या आसपास येऊ पाहते आणि नवी तिच्यात सतत प्रवाह ओतत राहते. अशी बॅटरी रात्री, इन्व्हर्टर वापरात नसतानाही, तापते. त्यातून हायड्रोजन वायू निघतो आणि बंद खोलीत हे धोक्याचे असते. एरवी एकसरच्या मानाने समांतर जोडणीतील नुकसान सावकाश होते. म्हणूनच ते उशिरा लक्षात येते.

आपल्या जोडीत हे चालले आहे की नाही हे ओळखण्यास साधा डिजिटल मीटर पुरतो. एकसर जोडणीत बॅटऱ्या पूर्ण चार्ज करून मेन स्विच बंद करावा, नेहमीचा भार तासभर चालवावा आणि भार चालू असतानाच प्रत्येक बॅटरीचा व्होल्टेज वेगवेगळा मोजावा. दोघींत अर्धा व्होल्टचा फरक दिसला तर जोडी जमलेली नाही. हीच मोजणी चार्जिंगच्या शेवटी पुन्हा करावी. एक १३.८ व दुसरी १५ असे दिसले, तर वर सांगितलेला पहिला प्रकार समजावा.

समांतर जोडणीत मात्र मीटर दोघींवर सारखाच आकडा दाखवील. तेथे दोघींना सोडवून, काही तास स्वस्थ ठेवून मोजावे. सेलची झाकणे उघडता येत असतील तर हायड्रोमीटर अधिक खात्रीचा असतो. भरलेल्या ट्यूब्युलर बॅटरीत ग्रॅव्हिटी साधारण १२४० असते. पूर्ण चार्जनंतरही एखादा सेल इतरांपेक्षा ३० अंशांनी किंवा अधिक खाली राहिला, तर तो सेल गेला असे धरून चालावे. आम्लापासून डोळे जपावेत व बॅटरीजवळ ठिणगी पडू देऊ नये.

मग करावे काय? एकसर जोडणीत जोडी जुनी झाली असेल तर दोन्ही एकदम बदलाव्यात. त्या एकाच कंपनीच्या, एकाच प्रकारच्या, एकाच क्षमतेच्या व शक्यतो एकाच महिन्यात बनलेल्या असाव्यात. जी जुनी अजून बरी आहे ती फेकू नये. तिला १२ व्होल्टच्या छोट्या इन्व्हर्टरवर घरचे दोन दिवे व पंखा चालवण्यास एकटी लावावी. एकटी असली की ती कोणाला ओढत नाही. जी अगदी गेली ती विक्रेत्याकडे परत देऊन शिशाचे मोल नव्या बिलातून वजा करून घ्यावे.

झेरॉक्सच्या दुकानासारखा वेळ वाढवायचा असेल, तर नवी बॅटरी जुनीला न जोडता तिला वेगळा छोटा इन्व्हर्टर द्यावा व दुकानातील भार दोन भागांत वाटावा. वायरमनचे थोडे काम वाढते, पण दोन्ही बॅटऱ्या आपापल्या वयाप्रमाणे चालतात.

वॉरंटीत एकच बॅटरी बदलून मिळते, ही अडचण खरी आहे. पहिली बॅटरी सहा महिन्यांच्या आतली असेल व वरील मोजणीत दोघी जवळजवळ सारख्या उतरल्या, तर जोडण्यास हरकत नाही. मात्र जोडण्यापूर्वी दोघींना १२ व्होल्टच्या चार्जरवर वेगवेगळे पूर्ण चार्ज करावे. दर तासाला घेतलेल्या तीन मोजण्यांत ग्रॅव्हिटी वाढली नाही म्हणजे चार्ज पूर्ण झाला. फरक याहून मोठा असेल तर बाजारात बॅटरी इक्वलायझर मिळतो. तो चार्जिंगच्या वेळी दोघींचा व्होल्टेज सारखा ठेवण्यास मदत करतो. पण ६० अँपिअर-तासांच्या बॅटरीला तो १२० ची करू शकत नाही, हे ध्यानात ठेवावे.

शेवटी पैशाचा हिशेब. समजा बॅटरी १५,००० रुपयांची आहे व ती योग्य जोडीत पाच वर्षे चालली, तर महिन्याला २५० रुपये पडतात. जुनीच्या संगतीत तीच अडीच वर्षांत गेली, तर महिन्याला ५०० रुपये पडतात. आयुष्य किती घटेल हे जुनीच्या अवस्थेवर अवलंबून आहे, त्याचा ठराविक आकडा नाही. म्हणून नवी घेण्यापूर्वी जुनीची भार चालू ठेवून मोजणी करावी, आणि बॅटरी बसवताच तिच्या अंगावर तारीख पक्क्या रंगाने लिहून ठेवावी. चार वर्षांनी जोडीतील कोणती बॅटरी केव्हाची, हे आठवणीवर सोडू नये.