स्वरयंत्र : तोंडी परीक्षेतील एक नमुना उत्तर

वैद्यकीय महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षी शरीररचनाशास्त्राची तोंडी परीक्षा होते. परीक्षक तबकातील एक नमुना विद्यार्थ्यापुढे सरकवतात व त्यावर प्रश्न विचारतात. स्वरयंत्र हा अशा परीक्षेत वरचेवर पुढे येणारा नमुना होय. बहुतेक विद्यार्थी त्यातील कूर्चांची व स्नायूंची नावे घडाघडा सांगतात, परंतु "मग या रुग्णाचा आवाज का बसला?" असे विचारताच अडखळतात. रचनेपासून रोगापर्यंत एका सूत्राने जाणारे उत्तर कसे असावे, याचा एक नमुना येथे दिला आहे. ज्यांचा व्यवसाय आवाजावर चालतो त्या शिक्षकांना, तसेच गावातील आजारी माणसाला वेळीच दवाखान्यात पाठवण्याची जबाबदारी ज्यांच्यावर येते त्यांनाही, या उत्तराचा शेवटचा भाग उपयोगी पडेल.

प्रश्न पहिला : हा अवयव कोणता व त्याचे काम काय?

"हे स्वरयंत्र आहे. घशाच्या तळाशी, श्वासनलिकेच्या मुखावर ते बसवलेले असते. प्रौढ पुरुषात ते मानेच्या तिसऱ्या ते सहाव्या मणक्यांच्या समोर येते. आवाज काढणे हे त्याचे काम खरे, परंतु ते पहिले काम नव्हे. पहिले काम श्वासमार्गाचे रक्षण करणे. अन्न व पाणी मागच्या अन्ननलिकेत जात असताना हे दार मिटले पाहिजे आणि श्वास घेताना उघडले पाहिजे. दार जवळजवळ मिटलेले असताना त्यातून हवा सोडली, की कडा थरथरतात व आवाज उमटतो. म्हणजे उघडणे, मिटणे व ताणणे या तीन हालचालींत स्वरयंत्राचे सारे कार्य सामावलेले आहे."

अशी सुरुवात केल्यास पुढचे उत्तर आपोआप लागते. कूर्चा म्हणजे दाराची चौकट, स्नायू म्हणजे दार हलवणारे हात आणि मज्जातंतू म्हणजे त्या हातांना हुकूम पोहोचवणाऱ्या तारा.

प्रश्न दुसरा : चौकट कशाची बनली आहे?

"एकूण नऊ कूर्चा आहेत. तीन एकेकट्या आणि तीन जोड्यांच्या. एकेकट्या कूर्चांत सर्वांत मोठी थायरॉइड कूर्चा. तिच्या दोन पाट्या पुढे एकमेकींना मिळतात. पुरुषात हा कोन सुमारे ९० अंशांचा व स्त्रीत सुमारे १२० अंशांचा असतो. म्हणून पुरुषाचा कंठमणी पुढे आलेला दिसतो, त्याचे स्वरतंतू अधिक लांब असतात व आवाज खर्जातला असतो. तिच्या खाली क्रिकॉइड कूर्चा. ही खड्याच्या अंगठीसारखी असून तिची अरुंद बाजू पुढे व रुंद बाजू मागे असते. श्वासमार्गातील पूर्ण वर्तुळाकार अशी हीच एक कूर्चा. तिसरी एपिग्लॉटिस. पानाच्या आकाराची ही कूर्चा गिळताना मागे झुकून दारावर येते."

"जोड्यांपैकी ॲरिटेनॉइड ही जोडी सर्वांत महत्त्वाची. क्रिकॉइडच्या मागच्या रुंद बाजूच्या माथ्यावर या दोन छोट्या पिरॅमिडसारख्या कूर्चा बसतात. प्रत्येकीला दोन टोके असतात. पुढच्या टोकाला स्वरतंतू जोडलेला असतो व बाहेरच्या टोकाला स्नायू. बाहेरचे टोक ओढले, की कूर्चा फिरते व तिच्याबरोबर स्वरतंतू हलतो. उरलेल्या दोन जोड्या, कॉर्निक्युलेट व क्युनिफॉर्म, अगदी लहान असून केवळ आधार देतात."

येथे परीक्षक बहुधा म्हणतात, "स्वतःच्या गळ्यावर दाखवा." विद्यार्थ्याने हनुवटीखालून बोट सरळ खाली आणावे. प्रथम कंठमण्याची खाच लागते. तेथून बोट खाली सरकवले, की थायरॉइड कूर्चेच्या खालच्या कडेनंतर एक मऊ खळगा लागतो व त्याखाली क्रिकॉइडचे कडक कडे. तो खळगा म्हणजे दोन कूर्चांमधील पडदा. श्वासमार्ग वरून पूर्ण बंद झाला आणि तोंडावाटे नळी घालता आली नाही, तर प्रशिक्षित डॉक्टर याच ठिकाणी छेद घेऊन हवेला वाट करून देतात. कारण येथे श्वासमार्ग त्वचेच्या अगदी जवळ असतो.

प्रश्न तिसरा : दार कोण उघडते व कोण मिटते?

"मिटणारे स्नायू अनेक आहेत. बाजूचा क्रिकोॲरिटेनॉइड स्नायू व दोन ॲरिटेनॉइड कूर्चांमधील आडवा स्नायू हे त्यांतील मुख्य. थायरोॲरिटेनॉइड स्नायू तंतूंना ढिले करतो. क्रिकोथायरॉइड स्नायू थायरॉइड व क्रिकॉइड या कूर्चांना एकमेकींवर झुकवून तंतू ताणतो, त्यामुळे स्वर चढतो. उघडणारी मात्र स्नायूंची एकच जोडी आहे, मागचा क्रिकोॲरिटेनॉइड. श्वासाची वाट मोकळी ठेवण्याची सारी भिस्त तिच्यावर आहे."

शेवटची दोन वाक्ये विद्यार्थ्याने सावकाश व स्पष्ट सांगावीत. पुढील प्रश्नाचे उत्तर त्यांवरच उभे आहे.

प्रश्न चौथा : या स्नायूंना हुकूम कोठून येतो?

"मेंदूतून निघणाऱ्या दहाव्या, म्हणजे व्हेगस, मज्जातंतूच्या दोन शाखांतून. वरची शाखा सुपीरिअर लॅरिंजिअल. तिच्या आतील फाट्यामुळे स्वरतंतूंच्या वरच्या भागाला संवेदना मिळते. पाण्याचा थेंब चुकीच्या वाटेने गेला तर ठसका लागतो तो यामुळे. तिचा बाहेरचा फाटा फक्त क्रिकोथायरॉइड स्नायूला जातो. दुसरी शाखा रिकरंट लॅरिंजिअल, म्हणजे माघारी वळणारी. स्वरयंत्रातील बाकी सर्व स्नायू व स्वरतंतूंच्या खालच्या भागाची संवेदना तिच्याकडे आहे."

"तिची वाट दोन्ही बाजूंना सारखी नाही. उजवीकडे ती मानेच्या मुळाशी सबक्लेव्हियन रोहिणीखालून वळसा घेऊन वर येते. डावीकडे ती छातीत उतरते, महारोहिणीच्या कमानीखालून वळते व मग श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामधील खाचेतून वर चढते. गर्भावस्थेत हृदय व मोठ्या रक्तवाहिन्या मानेजवळून छातीत खाली सरकतात, तेव्हा हा मज्जातंतू त्यांच्याबरोबर खाली ओढला जातो, म्हणून हा लांबचा फेरा. त्यामुळे डावा मज्जातंतू छातीतील रोगांच्या तावडीत सापडतो."

प्रश्न पाचवा : आता एक रुग्ण

परीक्षक सांगतात : "वय ५८. तीस वर्षे विडी ओढणारा. सहा आठवड्यांपासून आवाज घोगरा व हवा निसटल्यासारखा. घसा दुखत नाही. पाणी पिताना ठसका लागतो. खोकला आहे, पण त्याला जोर नाही. विचार कसा कराल?"

विद्यार्थ्याने येथे रोगाचे नाव घाईने घेऊ नये. लक्षणांवरून बिघाडाची जागा शोधावी आणि जागेवरून कारणाकडे जावे.

"आवाजातून हवा निसटते आणि खोकल्याला जोर नाही, याचा अर्थ दार पुरते मिटत नाही. ठसका लागतो तोही त्याचमुळे. प्रथम आरशाने किंवा दुर्बिणीने स्वरयंत्र पाहावे लागेल." परीक्षक सांगतात, "डावा स्वरतंतू हलत नाही, उजवा हलतो. तंतूंवर गाठ किंवा व्रण नाही." विद्यार्थी पुढे म्हणतो, "तर दोष चौकटीत वा कडेत दिसत नाही, डाव्या रिकरंट मज्जातंतूत असावा. त्याची संपूर्ण वाट, कवटीच्या तळापासून महारोहिणीच्या कमानीपर्यंत, तपासली पाहिजे. मानेत थायरॉइड ग्रंथीची गाठ किंवा पूर्वीच्या शस्त्रक्रियेचा व्रण आहे का ते पाहीन. छातीचे क्ष-किरण चित्र व सीटी स्कॅन सांगेन. फुप्फुसाचा कर्करोग, क्षयामुळे सुजलेल्या लसीकाग्रंथी व महारोहिणीचा फुगवटा ही कारणे मनात ठेवीन. थुंकीची तपासणीही करीन." चित्रात डाव्या फुप्फुसाच्या मुळाशी छाया दिसली आणि तुकडा काढून केलेल्या तपासणीत कर्करोग ठरला, असे परीक्षक सांगतात. म्हणजे गळ्याची म्हणून आलेली तक्रार छातीतील निघाली. लुळा झालेला तंतू उजवा असता, तर छातीच्या मध्यभागाऐवजी मान व उजव्या फुप्फुसाचे टोक यांकडे प्रथम लक्ष गेले असते.

चांगले परीक्षक यानंतर दोन कसोटीचे प्रश्न विचारतात. पहिला : "अशा रुग्णाचा आवाज काही महिन्यांनी आपोआप सुधारला, तर तो बरा झाला काय?" उत्तर : नाही. निरोगी तंतू मध्यरेषा ओलांडून लुळ्या तंतूपर्यंत पोहोचू लागतो, म्हणून आवाज सुधारू शकतो. मूळ रोग तसाच राहिलेला असू शकतो. दुसरा : "दोन्ही बाजूंचे मज्जातंतू दुखावले तर?" उत्तर : दोन्ही तंतू मध्यरेषेजवळ अडकतात. बोलणे जवळजवळ नेहमीसारखे ऐकू येते, परंतु दार उघडणारी स्नायूंची जोडीच निकामी झाल्यामुळे श्वास घेताना घरघर होते व जीव गुदमरतो. थायरॉइडच्या शस्त्रक्रियेनंतर असे घडू शकते. चांगल्या आवाजावर विसंबून अशा रुग्णाला घरी पाठवणे प्राणावर बेतते. त्याच्या श्वासनलिकेला छेद देऊन नळी बसवावी लागण्याचा संभव असतो.

वर्गातील आवाज व तंबाखूचा आवाज

घोगरेपणाचे प्रत्येक कारण इतके गंभीर नसते. सर्दीनंतर बसलेला आवाज बहुधा एक-दोन आठवड्यांत सुटतो. सतत वरच्या पट्टीत बोलणाऱ्या शिक्षकांत स्वरतंतूंच्या पुढच्या एक-तृतीयांश व मागच्या दोन-तृतीयांश भागांच्या सांध्यावर, दोन्ही बाजूंना समोरासमोर, लहान गाठी येतात. तंतू थरथरताना सर्वाधिक आपटतात ती हीच जागा होय. आवाजाला विश्रांती दिल्याने व बोलण्याची पद्धत सुधारल्याने यांतील बऱ्याच गाठी शस्त्रक्रियेवाचून ओसरतात. दिवसभराच्या तासांनंतर आवाज बिघडणे व सुट्टीत सुधारणे ही त्यांची खूण.

उलट, तंबाखू ओढणाऱ्या माणसाचा घोगरेपणा जर दिवसाच्या वेळेनुसार बदलत नसेल व हळूहळू वाढतच असेल, तर स्वरतंतूच्या कर्करोगाची शंका घेतली पाहिजे. तंतूच्या कडेवरील लहानशी गाठही आवाज बदलते आणि त्या जागी लसीकावाहिन्या फार विरळ असल्याने रोग बराच काळ तेथेच राहतो. म्हणून स्वरतंतूचा कर्करोग लवकर ओळखला गेल्यास बरा होण्याचा संभव मोठा असतो. मध व खडीसाखर यांवर महिने घालवले, की हीच सवलत हातची जाते.

विद्यार्थ्याने उत्तराचा समारोप याच नियमाने करावा : घोगरेपणा तीन आठवड्यांहून अधिक टिकला, तर कारण उघड वाटत असले तरी स्वरयंत्र प्रत्यक्ष पाहिले गेले पाहिजे. त्याबरोबर धाप, गिळताना त्रास, थुंकीतून रक्त किंवा मानेत गाठ असेल, तर तीन आठवडेही थांबू नये. प्राथमिक आरोग्य केंद्रातून अशा रुग्णास कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे पाठवताना चिठ्ठीत तीन गोष्टी लिहिलेल्या असाव्यात : आवाज कधीपासून बदलला, तो अधूनमधून सुधारतो की नाही, आणि रुग्ण तंबाखू किती व किती वर्षे वापरतो.