फायनल दिलंय ना, मग लेयर कशाला?

रिटचरने काम संपल्यावर नुसती जेपीजी पाठवली की माझं डोकं आता फिरतं. पूर्वी फिरत नसे. ‘थँक्यू, छान झालंय’ म्हणून मी बिल भागवत असे. हा फरक कशाने पडला ते सांगते. या धंद्यातल्या निदान दोघाचौघांचं तरी नुकसान वाचेल, आणि मलाही जरा बरं वाटेल.

काम एका पैठणीच्या दुकानाचं. आदल्या दिवाळीला आम्ही त्यांचं भिंतीवरचं कॅलेंडर केलं होतं. पैठणी नेसलेली मुलगी स्टुडिओत करड्या पडद्यापुढे शूट केली, वाईच्या एका जुन्या वाड्याचा चौक वेगळा, संध्याकाळच्या उजेडात. शेजारी समई, वर तोरण. जोडकामाला बाहेरचा रिटचर घेतला. हात चांगला होता, हे आजही मान्य करते. गजऱ्यातून निसटलेल्या बटासुद्धा त्याने सुटसुटीत कापल्या होत्या. काम देताना मी मेलमध्ये स्पष्ट लिहिलं होतं: मूळ फाइली, मास्क आणि लेयरसकट पीएसडी द्यायची. तो मेल आजही माझ्याकडे आहे. त्याने जेपीजी दिली, आग्रह धरल्यावर एक पीएसडीही दिली. उघडली, लेयर दिसले, मी निश्चिंत झाले.

पुढच्या वर्षी शेठचा फोन आला. नवी शाखा निघतेय, तेच चित्र होर्डिंगवर हवंय, आडवं, वीस बाय दहा फूट. ‘नवीन काही करायचं नाही ताई, तुमच्या कॉम्प्युटरमध्ये आहेच, फक्त मोठं करायचं.’ हे ‘फक्त’ ऐकलं की मला धडकी भरते.

कॅलेंडर उभं, १५ बाय २० इंच, ३०० पीपीआयला ४५०० बाय ६००० पिक्सेल. होर्डिंगला आमचा फ्लेक्सवाला ७२ मागतो, म्हणजे १७,२८० बाय ८,६४०. लांबून बघायचं असल्याने मुलगी निभावली असती. पण उभ्या चित्रात वाड्याचा जेमतेम एक खांब आणि अर्धी कमान होती. आडव्यासाठी सगळा चौक हवा. तो मूळ फोटोत होता, पण रिटचरने वाड्याचा फोटो क्रॉप केला तेव्हा ‘Delete Cropped Pixels’ ची खूण तशीच ठेवली होती, त्यामुळे बाजूचा भाग पुसला गेला होता. ही खूण काढून ठेवा. क्रॉप मग नुसती झाकण्यापुरती राहते.

खरा धक्का पुढे होता. पीएसडी आमच्या नव्या मशीनवर उघडली तर काही जोडलेल्या फाइली सापडत नाहीत असा निरोप आला. मला वाटलं एखादा फॉन्ट नसेल. चित्र तर पडद्यावर व्यवस्थित दिसत होतं: मुलगी, वाडा, समई, सगळं जागच्या जागी. मग लेयरच्या यादीकडे लक्ष गेलं. चारही लेयरवर लाल प्रश्नचिन्ह. एकावर क्लिक करून पत्ता पाहिला, तर तो असा:

```
E:\diwali\New folder (3)\girl_cut_ok.tif
```

म्हणजे खऱ्या फाइली त्याच्या घरच्या मशीनमध्ये, आणि माझ्याकडे त्यांची फक्त सावली. फोटो ‘Place Linked’ ने आणला की पीएसडीत मूळ फोटो नसतो, पत्ता असतो आणि कॅनव्हासच्या मापाचं एक दर्शनी चित्र असतं. वर्षभर आम्ही ते दर्शनी चित्र जपून ठेवलं होतं, बॅकअपसुद्धा घेतला होता.

त्याला फोन केला. ‘मॅडम, फायनल दिलंय ना, मग लेयर कशाला? आणि ती डिस्क मी कधीच फॉरमॅट मारली.’ वर म्हणाला, पुन्हा करून देतो, रेट आता वाढलाय. मी फोन ठेवला. काय बोलले ते इथे लिहीत नाही.

मुलीची आणि वाड्याची रॉ फाइल सुदैवाने आमच्या फोटोग्राफरकडे होती. मुलीचा मास्कही पीएसडीत शाबूत होता. म्हटलं, रॉ पुन्हा उघडू, त्याच जागी बसवू, तोच मास्क वापरू. इथे जे झालं ते मला त्याआधी कुणीच सांगितलं नव्हतं. फोटो बसवला, कानातला झुमका मास्कशी अगदी चपखल जुळला, गजराही जुळला. खाली सरकत पदराच्या कडेला आले, तर मोराच्या काठाबाहेर करड्या पडद्याची बारीक पट्टी दिसायला लागली. एका बाजूला पट्टी, दुसऱ्या बाजूला काठच कापलेला. झूम करून पाहिलं तर फोटोच्या कडेकडे जाल तसा फरक वाढत होता.

कारण साधं होतं. रॉ उघडताना रिटचरने लेन्सचा दोष काढला होता आणि फोटो किंचित सरळ केला होता. लेन्सची दुरुस्ती मध्यभागी नाममात्र असते, कडेला जास्त. डोकं मध्यावर होतं म्हणून जुळलं, पदर कडेला होता म्हणून सुटला. हे आकडे ज्या .xmp फाइलमध्ये असतात ती त्याने दिलीच नव्हती. त्यातून तो लाइटरूम वापरणारा. तिथे ‘Automatically write changes into XMP’ लावलेलं नसेल तर सगळं त्याच्या कॅटलॉगमध्येच राहतं आणि रॉच्या शेजारी काहीच येत नाही. रॉ देणं म्हणजे अर्धंच देणं आहे. ती कशी उघडली हेही दिलं पाहिजे. डीएनजी असेल तर सेटिंग फाइलच्या पोटात मावतं, पण लाइटरूममधून तेही मुद्दाम फाइलमध्ये उतरवावं लागतं.

म्हणून आता मास्क कॅनव्हासच्या मापाने करूच देत नाही. रॉपासून एक सोळा बिटची टिफ काढायची, पूर्ण फ्रेमची, क्रॉप न केलेली. मास्क त्याच टिफच्या मापावर करून ‘Save Selection’ ने तिच्यातच अल्फा चॅनल म्हणून ठेवायचा. अंगाचा कडक कडेचा एक, केसांचा मऊ कडेचा वेगळा. जेपीजीत अल्फा चॅनल राहत नाही, टिफमध्ये राहतो. शिवाय त्याच मास्कची करड्या रंगातली एक प्रत सुटी फाइल म्हणून ठेवतो, नाव मूळ फोटोचंच, पुढे फक्त शेपूट. मग चित्र कॅलेंडरचं असो की होर्डिंगचं, मास्क त्या फोटोबरोबरच लहानमोठा होतो. ‘Select and Mask’ मध्ये ‘Decontaminate Colors’ लावलं तर केसांच्या कडेचे रंगच बदलतात, म्हणून त्याचं उत्तर नव्या लेयरवर येतं. ते वापरा, पण खालचा मूळ लेयर टाकून देऊ नका. करडा पडदा होता म्हणून केसांत ओढलेला रंग हिरव्या पार्श्वभूमीवर तसाच खपेल असं नाही.

सावलीचंही तेच. त्याने मुलीची जमिनीवरची सावली तिच्याच लेयरमध्ये मिसळून टाकली होती. होर्डिंगवर मुलगी डावीकडे सरकवायची होती, उजेड मात्र वाड्यात होता तिथूनच येणार. सावली पुसून नव्याने रंगवावी लागली. सावली वेगळ्या लेयरवर ठेवायला काही खर्च येत नाही. तरी ठेवत नाहीत.

आता समई. ही सांगताना अजूनही अंगावर काटा येतो. आमच्या शूटमध्ये समईचा फोटो कुठेच मिळेना. शेवटी आम्ही त्याला पाठवलेल्या संदर्भ-फोटोंच्या फोल्डरमध्ये ती सापडली. ‘साधारण अशी समई हवी’ म्हणून नेटवरून उतरवलेला, जेमतेम ८०० पिक्सेलचा फोटो. त्याने तोच कापून लावला होता. कॅलेंडरवर समई तीन इंचांची, म्हणजे सुमारे ९०० पिक्सेल, तिथे ते खपलं. होर्डिंगवर ती पाच फुटांची, म्हणजे ४,३२० पिक्सेल. ज्योतीच्या जागी चौकोन दिसले असते. आणि फोटो दुसऱ्या कुणाचा, बिलावर नाव माझं. कॅलेंडरं वाटून झाली होती. माझ्या घरची समई घासून, खिडकीजवळ ठेवून नव्याने फोटो काढला, पण मागच्या वर्षीच्या चिंतेचं काय करणार?

तेव्हापासून संदर्भाचे फोटो मूळ फोटोंच्या आसपासही ठेवत नाही. फोल्डर असे:

```
P27_paithani
  01_sandarbh
  02_mool
  03_tiff
  04_mask
  05_kaam
  06_output
```

`01_sandarbh` मधली प्रत्येक फाइल `REF_` ने सुरू होते. व्हॉट्सअॅपवर आलेले, नेटवरचे, शेठने मोबाइलवर काढलेले, सगळे तिथेच. लेयरच्या यादीत `REF_` दिसलं की फाइल छापायला जात नाही. `02_mool` मध्ये रॉ आणि त्यांच्या `.xmp`. तिथे काहीही सेव्ह करायचं नाही. कॅमेऱ्याने दिलेलं नाव बदलायचं नाही, पण पुढे तारीख लावायची, कारण ९९९९ नंतर कॅमेरा पुन्हा ०००१ पासून मोजतो आणि एकाच नावाच्या दोन फाइली होतात: `2023-09-14_IMG_0412.CR3`. विकत घेतलेला फोटो असेल तर त्याच्या परवान्याची पावती त्याच्याच शेजारी. `06_output` मध्ये छापखान्यात गेलेली नेमकी फाइल, नावातच माप आणि तारीख. ती उघडून पुन्हा सेव्ह करायची नाही. फाइलच्या नावात ‘final’ शब्दाला आमच्याकडे बंदी आहे.

`05_kaam` मध्ये पीएसडी आणि एक साधी टेक्स्ट फाइल. तीत चार ओळी पुरतात: कुठला फोटो कुठून आला, उजेड कुठल्या बाजूने, रॉ उघडताना काय केलं, फॉन्ट कुठला. जुने मराठी फॉन्ट नव्या मशीनवर नसले की अक्षरांचं काय होतं ते ज्याने भोगलंय त्याला सांगायला नको.

जोडलेल्या फाइली की पोटात ठेवलेल्या, यावर लोक भांडतात. एकदोन चित्रांचं काम असेल तर पोटातच ठेवा, फाइल जड झाली तरी चालेल. पीएसडी दोन जीबीपर्यंतच जाते, आणि बाजू ३०,००० पिक्सेलपेक्षा मोठी नसते, त्यापुढे पीएसबी. एकच फोटो पाच जाहिरातींत असेल तर जोडणं सोयीचं, पण मग देताना `File > Package` करून घ्या. जोडलेल्या सगळ्या फाइली त्या फोल्डरमध्ये उतरतात.

बॅकअप दोन ठिकाणी ठेवा, हे सगळेच सांगतात. पण बॅकअपमध्ये नेमकं काय आहे ते कोण बघतं? आम्ही आता काम घेताना अख्खा फोल्डर पेन ड्राइव्हवर उतरवतो, दुसऱ्याच लॅपटॉपला लावतो आणि पीएसडी उघडतो. लाल प्रश्नचिन्ह एकही नको. मग वाड्याचा लेयर बंद करून त्याखाली भडक गुलाबी रंग टाकतो आणि केसांच्या कडा बघतो. मुलीला सरकवून बघतो, सावली तिच्यासोबत ओढली जाते का. दहा मिनिटांत सगळं कळतं.

उरलेले निम्मे पैसे या तपासणीनंतर, असं आता काम देतानाच लिहून घेते. काहींना हा अपमान वाटतो. एकाने तर विचारलं, ‘विश्वास नाही का?’ मी म्हटलं, नाही. त्याने काम घेतलं नाही. दुसऱ्याने घेतलं, आणि त्याच्या पहिल्याच फोल्डरमध्ये `.xmp` नव्हत्या. पैसे थांबल्यावर तासाभरात आल्या.